‘थोडे’ आणि ‘थोडेच’ : इंग्रजी परिमाणवाचक शब्दांचा पाठ

सहावीच्या वर्गात भाषांतराकरिता फळ्यावर दोन वाक्ये लिहिली आहेत असे समजावे. पहिले वाक्य, ‘रांजणात थोडेच पाणी आहे’. दुसरे वाक्य, ‘डब्यात थोडे तेल आहे’. एका मुलीने आपल्या वहीत पहिल्या वाक्याचे इंग्रजी ‘देअर इज लिटल वॉटर इन द पॉट’ असे केले, आणि दुसऱ्याचे ‘देअर इज लिटल ऑइल इन द टिन’ असे केले. वही तपासताना शिक्षकाने दोन्ही वाक्यांत ‘लिटल’च्या आधी तांबड्या शाईने ‘अ’ घातला आणि ‘उपपद विसरलीस’ असा शेरा मारून दोहोंचाही अर्धा अर्धा गुण कापला.

यांपैकी दुसऱ्या वाक्यातील दुरुस्ती योग्य होती. पहिल्या वाक्यात मात्र मुलीचे बरोबर होते. तांबड्या शाईने ते चुकविले. मराठी मुले इंग्रजी लिहिताना ‘अ’ आणि ‘द’ नेहमी गाळतात, त्यामुळे तो दिसेल तेथे घालण्याची सवय शिक्षकाच्या हातास लागलेली असते. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ या दोन शब्दांपाशी ही सवय घात करते. येथे ‘अ’ नसणे ही नेहमीच चूक नसते. कित्येकदा वाक्याचा सारा अर्थ त्या नसण्यावर उभा असतो. हा अर्थ मुलांस कसा समजावून द्यावा, आणि त्यासाठी मराठीतील कोणते साधन आपल्या हाताशी आहे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

१. मोजावयाचे की मापावयाचे

मराठीत ‘थोडा, थोडी, थोडे’, ‘पुष्कळ’, ‘किती’ आणि ‘कमी’ हे शब्द कोणत्याही नामास लावता येतात. ‘पुष्कळ मुले’ आणि ‘पुष्कळ दूध’ दोन्ही शुद्ध आहेत. ‘किती झाडे’ आणि ‘किती माती’ यांतही ‘किती’ एकच आहे. इंग्रजी भाषा मात्र येथे दोन निरनिराळे शब्द वापरते. ज्या वस्तू एक, दोन, तीन अशा मोजता येतात त्यांच्या अनेकवचनास ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यूअर’ हे शब्द लागतात. ज्या वस्तू मोजल्या जात नाहीत, तर मापल्या जातात, त्यांना ‘मच’, ‘लिटल’, ‘अ लिटल’ आणि ‘लेस’ हे शब्द लागतात. म्हणून ‘मेनी ट्रीज’, परंतु ‘मच मिल्क’. ‘अ फ्यू बुक्स’, परंतु ‘अ लिटल सॉल्ट’.

हा भेद मुलांस सांगताना व्याख्येपासून आरंभ करू नये. मराठी क्रियापदाकडे बोट दाखविणे अधिक सोपे जाते. ‘झाडे आहेत’ येथे क्रियापद अनेकवचनी आहे. तेव्हा ‘मेनी’ किंवा ‘फ्यू’. ‘दूध आहे’ येथे ते एकवचनी आहे; तेव्हा ‘मच’ किंवा ‘लिटल’. बहुसंख्य नामांच्या बाबतीत ही खूण मुलास बरोबर वाटेने नेते. ‘वेळ’ या शब्दाने तर ती फार उत्तम रीतीने दाखविता येते. ‘पुष्कळ वेळ लागला’ येथे वेळ मापली जाते, म्हणून ‘मच टाइम’. ‘पुष्कळ वेळा सांगितले’ येथे खेपा मोजल्या जातात, म्हणून ‘मेनी टाइम्स’. मराठीत जो फरक ‘वेळ’ आणि ‘वेळा’ यांत आहे, तोच इंग्रजीत ‘मच’ आणि ‘मेनी’ यांत आहे.

तथापि ही खूण जेथे फसते त्या जागा शिक्षकास आधीच ठाऊक असल्या पाहिजेत. कारण मुलांच्या चुका नेमक्या तेथेच साचतात. मराठीत ‘पैसे’ हा शब्द अनेकवचनी आहे. ‘किती पैसे झाले?’ असे आपण विचारतो, आणि म्हणून मूल ‘हाउ मेनी मनी’ असे लिहिते. इंग्रजीत ‘रुपीज’ मोजले जातात, पण ‘मनी’ मापली जाते. तेव्हा ‘हाउ मेनी रुपीज’ आणि ‘हाउ मच मनी’. तीच गत धान्याची. मराठीत गहू दळले, तांदूळ निवडले, पोहे भिजवले असे अनेकवचन येते. इंग्रजीत ‘व्हीट’ आणि ‘राइस’ ही नामे पाणी वा पीठ यांप्रमाणे मापाची मानली जातात. डोक्यावरचे केस मराठीत अनेक, इंग्रजीत ‘हेअर’ एकवचनी. आपल्याकडे बातम्या, कामे, सल्ले ही अनेकवचने होतात. इंग्रजीत ‘न्यूज’, ‘वर्क’ आणि ‘ॲडव्हाइस’ या अर्थाने मोजली जात नाहीत. यांत ‘न्यूज’च्या अखेरीस ‘स’सारखा उच्चार येत असल्यामुळे मूल त्यास हमखास अनेकवचन समजते.

‘मनी, राइस, व्हीट, हेअर, ब्रेड, न्यूज, वर्क, होमवर्क, ॲडव्हाइस, फर्निचर’ ही दहा नामे वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावीत. क्रियापदाची खूण आणि ही दहा नामे एवढ्यावर प्राथमिक इयत्तांचे काम भागते. त्याहून लांब यादी पाठ करून घेण्याचे कारण नाही.

२. ‘च’ हे अक्षर काय करते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत, तसेच ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांत भेद कोणता? पुष्कळ पुस्तकांत ‘फ्यू म्हणजे फार थोडे आणि अ फ्यू म्हणजे काही’ असे सांगितलेले आढळते. यावरून मुलांचा असा समज होतो की, ‘फ्यू’ म्हणजे दोन-तीन आणि ‘अ फ्यू’ म्हणजे पाच-सहा. हा समज चुकीचा आहे. वस्तू तेवढ्याच असून एक मनुष्य ‘फ्यू’ म्हणेल आणि दुसरा ‘अ फ्यू’ म्हणेल. भेद संख्येत नाही. बोलणाऱ्याची नजर ‘आहे’कडे आहे की ‘नाही’कडे आहे, यात आहे.

मराठीत हेच काम ‘च’ हे अव्यय करते. पाहुणा दारात आला, चहा करावयाचा आहे, आणि घरधनीण म्हणते, ‘थोडे दूध आहे’. म्हणजे चहा होईल. तिने ‘थोडेच दूध आहे’ असे म्हटले, तर कोणाला तरी दूध आणावयास पाठवावे लागेल. भांड्यातील दूध दोन्ही वेळा तेवढेच असू शकते. पहिल्या वाक्याने ‘आहे’ हे सांगितले, दुसऱ्याने ‘पुरेसे नाही’ हे सांगितले. ‘थोडे दूध आहे’ याचे इंग्रजी ‘देअर इज अ लिटल मिल्क’. ‘थोडेच दूध आहे’ याचे इंग्रजी ‘देअर इज लिटल मिल्क’. त्याचप्रमाणे ‘काही मुले आली’ याचे ‘अ फ्यू बॉइज केम’, आणि ‘थोडीच मुले आली’ याचे ‘फ्यू बॉइज केम’.

‘थोडेच’ या शब्दाचा ओढा ‘नाही’कडे किती आहे, हे आपल्या रोजच्या बोलण्यावरूनही दिसते. ‘तो थोडाच येणार आहे!’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो येणारच नाही असा अर्थ होतो. इंग्रजी ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यांचाही कल असाच नकाराकडे आहे. त्याची एक खूण इंग्रजी वाक्याच्या शेपटीत सापडते. वाक्य होकारार्थी असले की शेपटीचा प्रश्न नकारार्थी येतो, आणि वाक्य नकारार्थी असले की तो होकारार्थी येतो, हे शिक्षकांस माहीत आहे. ‘फ्यू बॉइज केम, डिड दे?’ असे होते. ‘अ फ्यू बॉइज केम, डिडन्ट दे?’ असे होते. ‘फ्यू’च्या वाक्यात ‘नॉट’ कोठेही नाही, तरीही इंग्रजी कान ते वाक्य नकारार्थीच ऐकतो.

म्हणून मुलांस देण्याचे सूत्र एवढेच: मराठीत ‘च’ आला तर इंग्रजीत ‘अ’ जातो, मराठीत ‘च’ नसला तर इंग्रजीत ‘अ’ येतो.

या सूत्राला एक मर्यादा आहे, ती लपवून ठेवू नये. ‘थोडेच’चा अर्थ कधी कधी नुसता ‘फक्त थोडे’ एवढाच असतो, आणि तेव्हा इंग्रजीत ‘ओन्ली’ हा शब्द येतो. ‘ओन्ली’ आला की ‘अ’ परत येतो. ‘ओन्ली अ लिटल मिल्क’, ‘ओन्ली अ फ्यू बॉइज’ हे शुद्ध. ‘ओन्ली लिटल मिल्क’ अशुद्ध. याउलट ‘व्हेरी’ आला तर ‘अ’ राहत नाही; ‘व्हेरी फ्यू’, ‘व्हेरी लिटल’ असेच लिहावयाचे. ‘क्वाइट अ फ्यू’ हा तर स्वतंत्र वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ ‘बरेच’ असा होतो. वरच्या वर्गातील मुलास वाचनात तो भेटेल, तेव्हाच तो सांगावा.

आणखी एक अडथळा ‘लिटल’ या शब्दाचा आहे. ‘अ लिटल गर्ल’ म्हणजे थोडी मुलगी नव्हे, लहान मुलगी. मोजता येणाऱ्या नामापूर्वी ‘लिटल’ आला, तर तो आकार सांगतो; मापावयाच्या नामापूर्वी आला, तर परिमाण सांगतो. धड्यांतून ‘लिटल’ शब्दाची पहिली ओळख ‘लहान’ याच अर्थाने होत असल्यामुळे हा खुलासा आरंभीच करणे बरे.

३. चार चिंचोक्यांचा पाठ

हा भेद बोलून सांगण्यापेक्षा करून दाखविल्यास एका तासिकेत वर्गाच्या पूर्ण लक्षात येतो. त्यासाठी मूठभर चिंचोके, एक तांब्या पाणी, एक पेला व एक बादली एवढे साहित्य पुरे.

शिक्षकाने एका मुलाच्या हातावर चार चिंचोके ठेवावेत आणि फळ्यावर लिहावे, ‘खेळास तीन चिंचोके हवेत’. मग वर्गास विचारावे, ‘याच्यापाशी खेळण्यापुरते आहेत का?’ मुले ‘आहेत’ म्हणतील. तेव्हा वाक्य म्हणून घ्यावे, ‘ही हॅज अ फ्यू सीड्स’. आता हातावरचे चिंचोके तसेच राहू देऊन फळ्यावरचा ‘तीन’ पुसावा आणि तेथे ‘वीस’ लिहावे. पुन्हा तोच प्रश्न विचारावा. मुले ‘नाहीत, थोडेच आहेत’ असे म्हणतील. तो ‘च’ त्यांच्याच तोंडून येऊ द्यावा. मग वाक्य म्हणून घ्यावे, ‘ही हॅज फ्यू सीड्स’. हातावरचे चिंचोके बदलले नाहीत, बदलली ती गरज, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. यानंतर ‘फ्यू म्हणजे किती?’ हा प्रश्न वर्गात उरत नाही.

हाच प्रयोग पाण्याने करावा. तांब्यात तळाशी पेलाभर पाणी ठेवावे. पेला भरावयाचा असेल तर ‘देअर इज अ लिटल वॉटर’. बादली भरावयाची असेल तर ‘देअर इज लिटल वॉटर’. चिंचोके मोजले म्हणून ‘फ्यू’, पाणी मापले म्हणून ‘लिटल’, हेही याच ओघात पक्के होते.

शेवटी काही मराठी वाक्ये तोंडी द्यावीत आणि प्रत्येक वाक्यास मुलांनी दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, मोजावयाचे की मापावयाचे? दुसरा, ‘च’ आहे की नाही? उदाहरणार्थ, ‘कोठीत थोडेच तांदूळ उरले आहेत’. क्रियापद अनेकवचनी आहे, पण तांदूळ भिंतीवरच्या यादीत आहे; म्हणून ‘लिटल’. ‘च’ आहे, म्हणून ‘अ’ नाही. शिवाय ‘राइस’ एकवचनी असल्यामुळे क्रियापदही ‘इज’ येणार. उत्तर, ‘देअर इज लिटल राइस इन द स्टोअर’. एका वाक्यात तिन्ही गोष्टी जमल्या की पाठ साधला असे समजावे.

४. बोलण्यातील इंग्रजी आणि पुस्तकातील इंग्रजी

नुसते ‘फ्यू’ आणि नुसते ‘लिटल’ हे शब्द इंग्रजीत पुस्तकी वळणाचे आहेत. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक घरगुती बोलण्यात बहुधा ‘नॉट मेनी’ व ‘नॉट मच’ असे म्हणतात. आपणही ‘थोडेच पाणी आहे’ याऐवजी ‘फारसे पाणी नाही’ असे म्हणतो, त्यासारखेच हे आहे. म्हणून ‘देअर इजन्ट मच वॉटर’ असे उत्तर एखाद्या मुलाने लिहिले, तर ते चूक धरू नये. उलट ते अधिक सहज आहे.

‘मच’ या शब्दाची मात्र एक खोड आहे. प्रश्नात आणि नकारात तो मोकळेपणाने येतो. साध्या होकारार्थी वाक्यात तो अवघडल्यासारखा वाटतो. ‘वुई हॅव मच वॉटर’ हे व्याकरणाने चुकीचे नव्हे, पण तसे सहसा कोणी बोलत नाही. तेथे ‘वुई हॅव अ लॉट ऑफ वॉटर’ असे म्हणतात. ‘अ लॉट ऑफ’ मोजावयाच्या व मापावयाच्या दोन्ही नामांस चालते, आणि म्हणून आपल्या ‘पुष्कळ’ या शब्दास तोच सर्वांत जवळचा आहे. ‘टू’ आणि ‘सो’ यांच्या मागोमाग मात्र ‘मच’ होकारातही शोभतो, जसे, ‘टू मच सॉल्ट’, म्हणजे नको इतके मीठ.

५. ‘कमी’चे दोन शब्द

राहिला ‘कमी’ हा शब्द. मोजावयाच्या नामास ‘फ्यूअर’, मापावयाच्या नामास ‘लेस’. ‘आज कालच्यापेक्षा कमी मुले आली’, म्हणून ‘फ्यूअर बॉइज’. ‘आज विहिरीत कमी पाणी आहे’, म्हणून ‘लेस वॉटर’. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. ‘फ्यूअर’ हे ‘फ्यू’चे रूप असले, तरी त्याने केवळ तुलना होते. वर्गात काल चाळीस मुले होती आणि आज अडतीस आली, तर ‘फ्यूअर बॉइज’ हे बरोबर; पण अडतीस मुलांस ‘फ्यू’ म्हणता येणार नाही. ‘फ्यूअर’ दिसताच ‘थोडेच’ असे भाषांतर करणाऱ्या मुलास हाजरीपत्रकातील दोन दिवसांचे आकडे दाखवावेत.

अंतर, काळ आणि रक्कम यांच्या पुढे संख्या असली तरी इंग्रजीत ‘लेस दॅन’ येते. ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’, ‘लेस दॅन फिफ्टी रुपीज’ ही रूपे शुद्ध आहेत. कारण तेथे किलोमीटर किंवा रुपये एकेक करून मोजावयाचे नसतात, सारे अंतर वा सारी रक्कम एक माप म्हणून धरलेली असते. शाळा घरापासून पाच किलोमीटरांहून कमी अंतरावर आहे असे लिहिणाऱ्या मुलाच्या वहीतील ‘लेस’ खोडून ‘फ्यूअर’ करू नये.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांचा हा भेद इंग्रजीत फार जुना नाही. रॉबर्ट बेकर या लेखकाने १७७० साली इंग्रजी भाषेवरील आपल्या पुस्तकात मोजता येणाऱ्या वस्तूंपूर्वी ‘फ्यूअर’ अधिक योग्य वाटतो असे आपले मत म्हणून लिहिले, आणि पुढे शालेय व्याकरणांनी त्याचा नियम केला. त्यापूर्वी कित्येक शतके ‘लेस’ मोजता येणाऱ्या वस्तूंपूर्वीही येत असे, आणि आजही इंग्रजी बोलणारे पुष्कळ लोक बोलण्यात तसा वापरतात. तेव्हा लेखनात नियम शिकवावा. परंतु नभोवाणीवर किंवा चित्रपटात ‘लेस पीपल’ असे ऐकून मूल विचारू लागले, तर बोलणारा अडाणी आहे असे न सांगता, बोलण्यात असे चालते, परीक्षेच्या वहीत ‘फ्यूअर’ लिहावे, एवढे सांगावे.

६. वही तपासताना

आता आरंभीच्या त्या वहीकडे परत यावे. ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’ हा शब्द ‘अ’वाचून दिसला की लेखणी टेकविण्यापूर्वी मूळ मराठी वाक्य पुन्हा वाचावे. त्यात ‘च’ असेल, किंवा ‘फारसे नाही’ असा भाव असेल, तर मुलाचे बरोबर आहे. ‘च’ नसेल, तर ‘अ’ घालावा. आणि ज्या वाक्यावरून भाव कळतच नाही, जसे रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नातील ‘देअर इज … वॉटर इन द पॉट’, तेथे दोन्ही उत्तरे शुद्ध ठरतात; तेव्हा दोन्हींस पूर्ण गुण द्यावेत. असा प्रश्न स्वतः काढावयाचा असेल, तर भाव ठरविणारे दुसरे वाक्य जोडावे. ‘देअर इज … वॉटर इन द पॉट. वुई मस्ट गो टु द वेल’ असे लिहिले, की विहिरीवर जावे लागते त्या अर्थी पाणी थोडेच आहे, हे मुलास कळते आणि ‘लिटल’ हे एकच उत्तर उरते. ‘यू मे ड्रिंक’ असे जोडले, तर ‘अ लिटल’ हे उत्तर उरते.

त्या मुलीचा पहिल्या वाक्याचा अर्धा गुण तिला परत द्यावयास हवा. तिने ‘च’ ऐकून ‘अ’ गाळला होता, की सवयीने गाळला होता, हे वहीवरून कळणार नाही. दुसऱ्या वाक्यातही तो गळलेला असल्यामुळे सवयीचीच शंका अधिक. ते कळावयाचे असेल, तर तिला फळ्यापाशी बोलावून तिच्या हातावर चार चिंचोके ठेवावेत.